बाँड यील्ड वाढलं की महाग ग्रोथ शेअरच आधी का आपटतात?

प्रश्न: "माझ्याकडे नॅसडॅकचा इंडेक्स फंड आहे आणि आपल्याकडचे दोन-तीन महागडे ग्रोथ शेअर्स. बातम्यांत सारखं येतं की अमेरिकेत बाँड यील्ड वाढलं म्हणून बाजार पडला. पण कंपन्यांचे निकाल तर चांगले आलेत, मग बाँडचा आणि माझ्या शेअरचा संबंध काय? यील्ड वाढायला लागलं की विकून टाकायचं का?"

तुमची गल्लत जिथे होतेय तिथूनच सुरू करतो. शेअरची किंमत म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार, कंपनीची कमाई आणि त्या कमाईला बाजार किती पट भाव देतोय ते, म्हणजे पीई. निकाल पहिल्या गोष्टीबद्दल सांगतात, यील्ड दुसऱ्या गोष्टीला हात घालतं. त्यामुळे निकाल उत्तम आणि शेअर खाली हे एकाच वेळी होऊ शकतं, त्यात काही घोळ नाही. मी आधी काही वर्षं ट्रेझरीत सरकारी रोख्यांच्या डेस्कवर होतो, नंतर इक्विटी पोर्टफोलिओ बघायला लागलो, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी बघितलंय आणि जमेल तसं सगळंच सांगतो. तुमचे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत आणि ते ग्रोथ शेअर नेमके कुठले हे मला माहीत नाही, त्यावर शेवटचं उत्तर बरंचसं अवलंबून आहे, ते पुढे येईलच.

आधी यील्ड म्हणजे काय ते पक्कं करू. समजा सरकारचा रोखा आहे, वर्षाला ६ रुपये ५४ पैसे व्याज देणारा, दर्शनी किंमत १००. उद्या बाजारात नवीन रोखे ७.४ टक्क्यांनी मिळायला लागले तर तुमचा जुना रोखा १०० ला कोण घेईल? कोणीच नाही, त्याची किंमत खाली येते आणि इतकी येते की त्या कमी किमतीत घेणाऱ्यालाही साधारण ७.४ टक्केच सुटावेत. यील्ड वर म्हणजे रोख्याची किंमत खाली, हे एकाच नाण्याचं वर्णन आहे. आणि रोखा जितका लांब मुदतीचा तितकी किंमत जास्त पडते. वर्षभरात संपणाऱ्या रोख्याला फारसं काही होत नाही, तीस वर्षांच्या रोख्याला मात्र जबर मार बसतो. हे लक्षात ठेवा, कारण महाग ग्रोथ शेअर हा वागायला तीस वर्षांच्या रोख्यासारखाच असतो.

का, तर त्याचे पैसे लांब आहेत म्हणून. घराच्या उदाहरणाने बघा. एक फ्लॅट आहे जो आत्ता भाडं देतोय, आणि दुसरा तळेगावच्या पुढे एक प्लॉट आहे जो आज काहीच देत नाही पण पंधरा-वीस वर्षांनी तिथे वस्ती आली की भरपूर देईल. एफडीचे दर पाचवरून आठ टक्क्यांवर गेले तर दोन्ही विकत घेणारे जरा थांबतील, पण प्लॉटवाला जास्त विचार करेल, कारण इतकी वर्षं पैसे अडकवून थांबण्याची किंमत त्याच्यासाठी वाढली. प्लॉट खराब झाला नाही, तिथली वस्तीही येणारच आहे, फक्त थांबणं महाग झालं.

आता हेच आकड्यात करू, एकदा स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघा म्हणजे डोक्यात बसेल. इक्विटीत गुंतवणारा माणूस सरकारी रोख्याच्या यील्डवर काहीतरी जादा मागतो, जोखमीचं म्हणून, समजा साडेपाच टक्के. यील्ड दीड असेल तर तो एकूण ७ टक्के मागेल, यील्ड ४ झालं तर साडेनऊ. आता दोन वर्षांनी मिळणारे १०० रुपये ७ टक्क्यांनी आज सुमारे ८७ रुपयांचे होतात आणि साडेनऊने ८३ चे, म्हणजे साडेचार टक्क्यांचा फटका. दहा वर्षांनी मिळणारे १०० रुपये ५१ वरून ४० वर येतात, वीस टक्के गेले. आणि वीस वर्षांनी मिळणारे १०० रुपये २६ वरून १६ वर, म्हणजे ३७ टक्के किंमत गेली, आणि लक्षात घ्या की ते १०० रुपये तेवढेच येणार आहेत, त्यात एक रुपया कमी झालेला नाही. तुमच्या "निकाल तर चांगले आलेत" चं उत्तर इथे आहे.

ज्या कंपनीचा पीई १५ आहे तिची बरीच किंमत पुढच्या काही वर्षांच्या नफ्यात आहे. ज्या कंपनीचा पीई ९० आहे, किंवा नफाच नाही म्हणून पीई काढताच येत नाही, तिची जवळजवळ सगळी किंमत दहा-वीस वर्षांपुढे आहे. सूत्र दोघांना सारखंच लागतं पण मार वेगळा बसतो.

हे प्रत्यक्षात सगळ्यात स्वच्छ दिसलं ते अमेरिकेत २०२२ मध्ये, म्हणून तेच वर्ष घेतो. २०२१ संपताना अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्याचं यील्ड साधारण दीड टक्का होतं. मार्च २०२२ पासून फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, दर वाढवायला सुरुवात केली, जवळपास शून्यावरून डिसेंबरपर्यंत ४.२५ ते ४.५० टक्के, आणि दहा वर्षांचं यील्ड ऑक्टोबरच्या शेवटी ४.२ टक्क्यांच्या वर गेलं. त्या वर्षात जुन्या मुरलेल्या कंपन्यांचा डाऊ जोन्स पडला सुमारे ९ टक्के, पाचशे मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० पडला १९ टक्के आणि टेक कंपन्यांनी भरलेला नॅसडॅक पडला ३३ टक्के. आणि नफा नसलेल्या, भविष्यावर चालणाऱ्या कंपन्यांनी भरलेला आर्क इन्व्हेस्टचा जो प्रसिद्ध इनोव्हेशन फंड आहे तो पडला ६७ टक्के. देश एक, फेड एकच, यील्डही एकच, पण जितके पैसे लांब तितकी घसरण जास्त, अगदी पायऱ्या मांडल्यासारखी. वरच्या माझ्या हिशोबाशी हे आकडे बरेच जुळतात, तो थोडाफार योगायोग आहे, बाजार इतका शहाणा नसतो, पण क्रम मात्र योगायोग नाही.

इंडेक्सचा चार्ट बघताना इथे एक गोष्ट निसटते. एस अँड पी ५०० मध्ये पाचशे कंपन्या असल्या तरी वजन सगळ्यांना सारखं नाही, बाजारमूल्याप्रमाणे आहे, आणि २०२२ च्या सुरुवातीला वरच्या पाच-सहा कंपन्या म्हणजे ॲपल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, टेस्ला वगैरे, या एकट्याच इंडेक्सचा जवळपास चौथा भाग होत्या. ॲमेझॉन त्या वर्षी साधारण निम्म्यावर आला, टेस्ला ६५ टक्के पडला, मेटा ६४ टक्के. त्याच वर्षी त्याच इंडेक्समधलं एनर्जी सेक्टर मात्र पन्नास टक्क्यांहून जास्त वर गेलं. म्हणजे चार्टवर जी एक सलग पडणारी रेघ दिसते तिच्या आत पैसा महाग खोलीतून उठून स्वस्त खोलीत जाऊन बसत होता. तुमचा नॅसडॅक फंड म्हणजे जवळपास ती महाग खोलीच आहे, त्यात बँका नाहीत, तेल कंपन्या नावापुरत्या, म्हणून त्याला सावरायला आतून कोणी नव्हतं.

आता जरा खोलात जातो, कारण बरेच जण इथेच चुकतात. यील्ड वाढलं एवढं बघून चालत नाही, ते कशामुळे वाढलं ते बघायचं. यील्डचे ढोबळ दोन भाग करा, एक भाग महागाईच्या अपेक्षेचा, दुसरा महागाई वजा केल्यावर उरणारा, त्याला रिअल यील्ड म्हणतात. महागाईचा भाग वाढला तर कंपन्याही दर वाढवतात, त्यांचा नफाही रुपयात किंवा डॉलरमध्ये फुगतो, त्यामुळे थोडी भरपाई होते. रिअल यील्ड वाढलं तर भरपाई कुठूनच नाही.

२०२२ मध्ये सगळीकडे महागाई महागाई चाललं होतं, पेपरात तेच, टीव्हीवर तेच, त्यामुळे लोकांना वाटलं यील्ड महागाईमुळे चढतंय. पण रोखे बाजारातून निघणारी पुढच्या दहा वर्षांची महागाईची अपेक्षा वर्षाच्या सुरुवातीलाही अडीच टक्क्यांच्या आसपास होती आणि ऑक्टोबरमध्येही तिथेच होती. जे वाढलं ते जवळजवळ सगळंच्या सगळं रिअल यील्ड, उणे १ टक्क्यावरून अधिक १.७ च्या जवळ. मला स्वतःला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. उणे एक टक्का रिअल यील्ड म्हणजे सरकारला पैसे देऊन ठेवा आणि दहा वर्षांनी त्यांची खरेदीशक्ती घटलेलीच मिळेल अशी हमी, अशा वेळी वीस वर्षांनंतरचं स्वप्नसुद्धा लोक आनंदाने विकत घेतात. तीच जागा अधिक पावणेदोनवर गेली की शांतपणे बसून पैसे वाढवण्याचा पर्याय परत मिळतो आणि स्वप्नाचा भाव उतरतो.

हे बघायला पैसे लागत नाहीत. सेंट लुईस फेडच्या FRED साइटवर `DGS10` टाइप केलं की साधं दहा वर्षांचं यील्ड मिळतं आणि `DFII10` टाकलं की रिअल यील्ड. दोन्ही एकाच चार्टवर लावा. दोन्ही रेघा बरोबरीने चढत असतील तर ग्रोथ शेअरना त्रास. वरची चढतेय आणि खालची तिथेच आहे तर प्रकरण महागाईच्या अपेक्षेचं आहे, तेव्हा मी इतकी घाई करत नाही.

तसंच वेग. यील्ड वर्षभरात हळूहळू एक टक्का चढलं तर बाजार पचवतो, कमाई वाढत जाते आणि पीई उतरला तरी किंमत फार हलत नाही. तेच अर्धा टक्का एका महिन्यात चढलं तर पचत नाही. अर्धा टक्का महिन्यात हा माझा स्वतःचा कामापुरता ठोकताळा आहे, कुठला नियम नाही, पण तो ओलांडला की मी महाग शेअरची यादी परत काढून बसतो.

चार्ट पडला तेव्हा दोष यील्डचा की कमाईचा हे कसं ओळखायचं? इंडेक्सची घसरण दोन तुकड्यांत मोडायची. ३ जानेवारी २०२२ ला एस अँड पी ४,७९७ वर बंद झाला, तो शिखर. १२ ऑक्टोबरला ३,५७७. पंचवीस टक्के घसरण. त्याच काळात पुढच्या बारा महिन्यांच्या अंदाजित कमाईवरचा पीई साधारण २१ वरून १५ वर आला, म्हणजे पीई एकटाच २८-२९ टक्के आकसला. याचा अर्थ कमाईचे अंदाज त्या काळात पडलेच नव्हते, उलट जरासे वरच होते. घसरण पूर्ण पीईची. असं असेल तर आजार यील्डचा आहे आणि यील्ड थांबलं की घसरणही थांबायला लागते. उलट पीई जागेवर आणि कमाईचे अंदाज खाली खाली येतायत असं दिसलं तर मग यील्ड उतरूनही शेअर वर येत नाहीत, तो मंदीचा प्रकार, त्याचं औषध वेगळं.

याचा पुरावा त्याच वर्षी मिळाला. जूनच्या मध्यावर दहा वर्षांचं यील्ड साडेतीनच्या जवळ होतं, ऑगस्टच्या सुरुवातीला ते उतरून २.६ च्या आसपास आलं, आणि नॅसडॅक दोन महिन्यांत वीस टक्क्यांहून जास्त उसळला. कंपन्यांचं त्या दोन महिन्यांत असं काय बदललं होतं? काहीही नाही. लोक म्हणायला लागले तळ लागला, मलाही बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं की आता टाकू का. मी एवढंच म्हणत होतो की ही तेजी यील्डकडून उसनी घेतलेली आहे, यील्डने परत मागितली की द्यावी लागेल. २६ ऑगस्टला जॅक्सन होलच्या वार्षिक परिषदेत फेडचे तेव्हाचे अध्यक्ष पॉवेल यांनी जेमतेम आठ-नऊ मिनिटांचं भाषण केलं, दर वाढवत राहू असं सरळ सांगितलं, त्या एका दिवसात एस अँड पी ३.४ टक्के पडला आणि पुढच्या दोन महिन्यांत यील्ड नव्या उंचीवर आणि इंडेक्स नव्या नीचांकावर.

आता उलटी बाजू पण प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण यील्ड वर म्हणजे बाजार खाली असं सूत्र पाठ केलंत तर नुकसान होईल. २०२१ च्या पहिल्या तीन महिन्यांत यील्ड ०.९ वरून १.७ च्या वर गेलं, जवळजवळ दुप्पट. पण ते गेलं लस आली, दुकानं उघडणार, अर्थव्यवस्था धावणार म्हणून. त्या तिमाहीत डाऊ वर गेला, एस अँड पी पण वर गेला. फक्त नॅसडॅकने फेब्रुवारीच्या शिखरावरून मार्चच्या सुरुवातीपर्यंत दहा टक्के गमावले. म्हणजे चांगल्या कारणाने वाढलेलं यील्डही महाग शेअरला टोचतंच, पण संपूर्ण बाजाराला नाही. २०२३ मध्ये तर आणखी गंमत, वर्षाच्या सुरुवातीला यील्ड ३.८८ आणि शेवटी पण ३.८८, मध्ये ऑक्टोबरमध्ये पाच टक्क्यांना शिवून आलं, त्या चढणीत एस अँड पी जुलै ते ऑक्टोबर दहा टक्के पडला, पण पूर्ण वर्षात नॅसडॅक ४३ टक्के वर. कमाई जोरात वाढत असेल तर ती यील्डवर मात करते. शिवाय मोठ्या टेक कंपन्यांकडे रोख इतकी पडून असते की दर वाढले की त्यांचं व्याजाचं उत्पन्नच वाढतं. म्हणून महाग शेअर आणि महाग शेअर यातही फरक करा, रोख बाळगणारी नफ्यातली कंपनी वेगळी, आणि दर दीड वर्षाला नवीन पैसे उभारल्याशिवाय चालत नाही ती वेगळी. दुसरीला यील्डचा मार दोनदा बसतो, एकदा किमतीत आणि एकदा पैसे उभारताना.

आपल्याकडचं सांगतो. ४ मे २०२२ ची दुपार मला नीट आठवते. रिझर्व्ह बँकेची बैठक ठरलेली नव्हती, आणि अचानक कळलं की दोन वाजता गव्हर्नर शक्तिकांत दास बोलणार. माझ्यासमोर दोन स्क्रीन होत्या, एकीवर दहा वर्षांचा रोखा, दुसरीवर निफ्टी. रेपो ०.४० टक्क्यांनी वाढवून ४.४० केला, बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोखीचं प्रमाण, म्हणजे सीआरआर, ते पण वाढवलं. रोख्याची किंमत पहिल्यांदा कोसळली, यील्ड ७.१ वरून ७.४ च्या जवळ, शंभर रुपयांमागे पावणेदोन रुपयांच्या आसपास गेले, रोख्यात एका दिवसात हे फार मोठं असतं. निफ्टी त्याच्या मागोमाग उतरला, त्या दिवशी ३९१ अंक, सेन्सेक्स १,३०० च्या वर. त्याच रात्री फेडने अर्धा टक्का दर वाढवला, अमेरिकी बाजार आधी खूश होऊन वर गेला आणि दुसऱ्या दिवशी यील्ड तीन टक्क्यांच्या वर गेलं तसा नॅसडॅक एका सत्रात जवळपास पाच टक्के पडला.

पण संपूर्ण २०२२ मध्ये निफ्टी चार टक्क्यांनी वरच बंद झाला बरं का. परदेशी संस्था लाखभर कोटीहून जास्त विकून गेल्या, पण एसआयपीचा पैसा दर महिन्याला येत राहिला आणि निफ्टीत बँकांचं वजन मोठं, त्यांना दर वाढलेले चालतात. फटका बसला तो आयटीला आणि नव्याने लिस्ट झालेल्या तोट्यातल्या कंपन्यांना. झोमॅटोचं उदाहरण घ्या, आयपीओ ७६ ला, नोव्हेंबर २०२१ मध्ये १६९ पर्यंत, जुलै २०२२ मध्ये ४० च्या आसपास. आता ही पूर्ण घसरण यील्डच्या नावावर टाकू नका, जुलैमध्ये जुन्या गुंतवणूकदारांवरची शेअर विकायची बंदी, म्हणजे लॉक-इन, संपला आणि विक्रीचा लोंढा आला हे शेवटच्या धक्क्याचं थेट कारण होतं. पण १६९ चा भाव ज्या जगात मिळाला ते जग यील्ड चढल्यावर उरलं नव्हतं. पुढे २०२३ मध्ये कंपनी नफ्यात आली आणि २०२४ मध्ये शेअर दोनशेच्या वर गेला, तेही रेपो साडेसहा टक्के असताना. यील्ड तेव्हाही फारसं उतरलेलं नव्हतं, लांबचे पैसे जवळ आले होते.

तुमच्या नॅसडॅक फंडाबाबत अजून एक, तो तुम्ही रुपयात बघता. अमेरिकेत यील्ड चढलं की सहसा डॉलरही चढतो. २०२२ मध्ये डॉलर ७४ च्या थोडा वरून ८२-८३ रुपयांवर गेला, त्यामुळे नॅसडॅक १०० डॉलरमध्ये ३३ टक्के पडला तरी रुपयात घसरण साधारण २५ टक्केच होती. ही उशी दर वेळी मिळेलच असं नाही, पण यील्डमुळे पडतो तेव्हा बऱ्याचदा मिळते.

मग विकायचं का? फंडाचे पैसे सात-आठ वर्षं लागणार नसतील तर मी यील्ड बघून विकणार नाही, कारण पीई आकसतो तो एकदाच, कमाई मात्र दर वर्षी वाढत राहते, आणि विकून परत कधी घ्यायचं हे ऑगस्ट २०२२ सारख्या उसळीत भल्याभल्यांना जमत नाही. दोन-तीन वर्षांत मुलीची फी किंवा घराचा हप्ता त्यातून जाणार असेल तर ते पैसे तिथे नकोतच, यील्ड वर असो की खाली, तेवढे आत्ताच बाहेर काढा, यील्ड वाढलंय म्हणजे ते ठेवायला जागाही चांगली मिळतेय.

त्या दोन-तीन शेअर्सचं वेगळं. प्रत्येकाचा ताळेबंद उघडा आणि दोन गोष्टी लिहा, हातात रोख किती आणि धंद्यातून वर्षाला किती रोख आत येतेय किंवा बाहेर जातेय. रोख बाहेर जातेय आणि आहे ती दोन वर्षांच्या आत संपणार असेल तर असा शेअर मी चढत्या रिअल यील्डमध्ये धरून बसत नाही, कितीही आवडता असला तरी. रोख आत येत असेल तर भाव पडला तरी ठेवतो. हे दोन आकडे काढून शेअरच्या नावांसकट इथे टाका, मग एकेक बघून सांगतो.